घाईचे दोन भाव

१७ जानेवारी १९९४ च्या पहाटे लॉस एंजलिस परिसराला ६.७ तीव्रतेचा भूकंप झाला आणि सांता मोनिका फ्रीवेवरचे पूल दोन ठिकाणी कोसळले. या रस्त्यावरून रोज सुमारे तीन लाख वाहने जात. रस्ता बंद राहिला तर शहराच्या अर्थव्यवस्थेला दिवसाकाठी सुमारे दहा लाख डॉलरचा फटका बसेल, असा अंदाज होता. कॅलिफोर्निया सरकारने निविदेचे नेहमीचे सोपस्कार बाजूला ठेवले आणि सी. सी. मायर्स या कंपनीला सुमारे १ कोटी ४९ लाख डॉलरचे काम दिले. मुदत १४० दिवस. करारात एक कलम होते: मुदतीआधी पूर्ण केलेल्या प्रत्येक दिवसामागे दोन लाख डॉलर बक्षीस, उशिराच्या प्रत्येक दिवसामागे तेवढाच दंड.

कंपनीने काम चोवीस तास आणि आठवड्याचे सातही दिवस चालवले. जादा माणसे, जादा यंत्रे, रात्रपाळीचे पगार, सामान लवकर मिळावे म्हणून मोजलेली वरकड किंमत, यांपैकी कशातही हात आखडता घेतला नाही. ६६ दिवसांत काम झाले. वाचलेल्या ७४ दिवसांचे बक्षीस १ कोटी ४८ लाख डॉलर झाले, म्हणजे मूळ ठेक्याच्या रकमेइतकेच. त्यावर टीकाही झाली, पण हिशेब सरळ आहे. दहा लाखांचे रोजचे नुकसान थांबवायला दोन लाख मोजणे हा सरकारच्या दृष्टीने स्वस्तातला सौदा होता.

पैसे ओतून वेळ विकत घेण्याच्या या पद्धतीला प्रकल्प व्यवस्थापनात क्रॅशिंग म्हणतात. दुसरी पद्धत फास्ट ट्रॅकिंगची. तिच्यात माणसे वाढवत नाहीत. एकामागून एक करायची कामे एकमेकांवर चढवतात, पहिले संपायच्या आत दुसरे सुरू करतात. दोन्हींनी दिवस वाचतात, म्हणून बैठकीत दोन्हींचे नाव एकाच दमात घेतले जाते. पण पहिलीचा खर्च आज, आकड्यांत समोर येतो. दुसरीचा खर्च नंतर कधी तरी येतो, कदाचित येतही नाही, आणि आला तर किती असेल ते सुरुवातीला कुणालाच सांगता येत नाही.

क्रॅशिंगमागचे गणित १९५७ च्या सुमारास अमेरिकेतल्या ड्यू पाँट या रसायन कंपनीत मांडले गेले. कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी कारखाने उभारण्याच्या वेळापत्रकाचा अभ्यास केला. काम मागे पडले की व्यवस्थापक सगळ्याच आघाड्यांवर ओव्हरटाइम लावत. यातला बराचसा पैसा वाया जात होता, कारण शेवटची तारीख ठरवणारी कामे त्या शेकड्यांत फार थोडी असतात. एकमेकांवर अवलंबून असलेल्या कामांची जी सर्वांत लांब साखळी, तिच्यातलीच ही कामे. हाच क्रिटिकल पाथ. साखळीबाहेरच्या कामाला थोडी सवड असते, तिला फ्लोट म्हणतात. सवड असलेले काम लवकर उरकले तर ते फक्त लवकर उरकते, प्रकल्प तिथेच राहतो. ही पद्धत पुढे कंपनीच्या लुइव्हिल इथल्या कारखान्यात देखभालीसाठी वापरली गेली, आणि १२५ तासांचा बंद ९३ तासांवर आला.

हे प्रत्यक्षात कसे चालते ते पाहायला एक कल्पित शाळा घेऊ. महाराष्ट्रातल्या एखाद्या गावात वर्गखोल्यांची एकमजली नवी इमारत बांधायची आहे. १५ फेब्रुवारीला कुदळ मारली. पाया आणि जोते ३० दिवस, कॉलम-बीम-स्लॅब ४० दिवस, भिंती आणि गिलावा ३० दिवस, फरशी १२ दिवस, रंग १० दिवस. एकूण १२२ दिवस, म्हणजे १६ जून. जूनच्या मध्यात शाळा भरते, पावसाळाही दारात असतो. मुख्याध्यापिकांना इमारत ४ जूनला हवी आहे, म्हणजे ११० दिवसांत. बारा दिवस काढायचे आहेत.

दुसरी एक साखळी बाजूने चालू आहे. लोखंडी खिडक्या आणि दारे फॅब्रिकेटरकडे नकाशावरून बनवायला दिली आहेत. ती येऊन बसेपर्यंत ९४ दिवस लागतील, आणि फरशी सुरू होण्याआधी ती बसलेली हवीत. गिलावा शंभराव्या दिवशी संपतो. म्हणजे खिडक्यांना सहा दिवसांची सवड आहे.

साइट चालू असते तोवर इंजिनिअर, वॉचमन, भाड्याची सेंट्रिंग-यंत्रे आणि शाळेने तात्पुरत्या घेतलेल्या जागेचे भाडे मिळून रोज ६,००० रुपये जातात. वाचणारा प्रत्येक दिवस हे ६,००० वाचवतो. आता प्रत्येक कामाचा एक दिवस कमी करायला काय लागेल, हे ठेकेदाराला विचारायचे. पाया: जादा यंत्र आणि बिगारी लावून रोजी ३,०००, जास्तीत जास्त चार दिवस. फरशी: ४,०००, तीन दिवस. भिंती-गिलावा: ५,०००, आठ दिवस. स्लॅब: ८,०००, पाच दिवस. रंग: ९,०००, दोन दिवस. खिडक्या: फॅब्रिकेटरचा ओव्हरटाइम २,५००, पाच दिवस.

यात खिडक्यांचा दिवस सर्वांत स्वस्त दिसतो, आणि अननुभवी माणूस नेमका तिथूनच सुरुवात करतो. पण खिडक्यांना आधीच सहा दिवसांची सवड आहे. तिथे घातलेल्या पैशाने खिडक्या लवकर येऊन साइटवर गंजत पडतील, एवढेच.

क्रिटिकल पाथवरचे स्वस्त काम आधी धरायचे. पायाचे चार दिवस १२,००० रुपयांत मिळतात. फरशीचे तीन, आणखी १२,०००. मग गिलाव्याचे दोन, १०,०००. नऊ दिवस ३४,००० रुपयांत निघाले आणि साइटचा खर्च ५४,००० वाचला. म्हणजे घाई करूनही वीस हजार शिल्लक. इथपर्यंत क्रॅशिंग फुकट तर आहेच, वर पैसेही देते.

पण आता चित्र बदलले. पाया चार आणि गिलावा दोन दिवसांनी आटोपल्यामुळे गिलावा ९४व्या दिवशीच संपतो. खिडक्याही ९४व्या दिवशीच येतात. त्यांची सवड संपली, आणि दोन्ही साखळ्या क्रिटिकल झाल्या. यापुढे नुसता गिलावा घाईने केला तर गवंडी खिडक्यांची वाट पाहत बसतील. दहावा दिवस हवा असेल तर गिलाव्याचे ५,००० आणि खिडक्यांचे २,५०० असे ७,५०० एकदम मोजावे लागतात, आणि वाचतात ६,०००. दहावा, अकरावा, बारावा यांतल्या प्रत्येक दिवशी दीड हजारांचा तोटा. तारीख पाळायची तर तोही पत्करायचा. एकूण ५६,५०० रुपये खर्चून ११० दिवस.

याच्याशी दुसऱ्या तऱ्हेची तुलना करून पाहा. कुणी तरी साइटवर येऊन "सगळीकडे माणसे वाढवा" असा हुकूम सोडतो. पाया, स्लॅब, गिलावा, फरशी, रंग, सगळे शक्य तेवढे दाबले जाते. त्याची बेरीज १,२२,००० रुपये. खिडक्या मात्र साइटवर दिसत नाहीत, त्या दूर वर्कशॉपमध्ये बनत असतात, म्हणून त्यांची आठवण कुणाला येत नाही. गिलावा संपतो ८३व्या दिवशी, आणि साइट खिडक्यांसाठी ९४व्या दिवसापर्यंत थांबते. त्यानंतर फरशी नऊ आणि रंग आठ दिवस. इमारत १११व्या दिवशी पूर्ण होते. दुपटीहून अधिक पैसा गेला, आणि तरीही तारीख एका दिवसाने हुकली.

कागदावरच्या या दरांना प्रत्यक्षात दोन भिंती आडव्या येतात. पहिली माणसांच्या गर्दीची. एका खोलीत दोन गवंड्यांऐवजी चार घातले तर काम दुप्पट होत नाही. मचाण तेवढेच, माल कालवायची जागा तेवढीच, आणि नाक्यावरून ऐनवेळी आणलेल्या माणसाचा हात नेहमीच्या माणसाइतका बसलेला नसतो. म्हणून पहिला दिवस ५,००० ला मिळाला तरी आठवा त्याच भावात मिळेल, असे गृहीत धरता येत नाही. हे ओळखायची खूण सोपी आहे. रोज संध्याकाळी मुकादमाने किती चौरस फूट गिलावा झाला ते लिहावे आणि त्याला गवंड्यांच्या संख्येने भागावे. माणशी आकडा दिवसागणिक घसरत असेल, तर आपण वेळ घेत नाही, गर्दी विकत घेतो आहोत.

दुसरी भिंत काँक्रीटची. स्लॅब टाकल्यावर टेकू कधी काढायचे ते माणसांच्या संख्येवर ठरत नाही. आय.एस. ४५६ हे आपले भारतीय मानक साधारण परिस्थितीत साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू किमान सात दिवस ठेवायला सांगते, त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस, आणि सहा मीटरहून लांब बीमला २१ दिवस. या काळात काँक्रीटला पाणी मारत राहायचे आणि थांबायचे. आमच्या उदाहरणात स्लॅबचा दर ८,००० आणि मर्यादा पाच दिवस ठेवली, ती यामुळेच. सेंट्रिंग आणि लोखंड बांधणे घाईने होईल, काँक्रीटचे वय वाढवता येणार नाही. टेकू लवकर काढून "आम्ही स्लॅबमध्येच सहा दिवस वाचवले" असे सांगणाऱ्याने काहीही क्रॅश केलेले नसते. त्याने पोरांच्या डोक्यावर धोका टांगलेला असतो.

आता फास्ट ट्रॅकिंग. खरे तर या शाळेत ते पहिल्या दिवसापासून चालूच आहे. खिडक्या नकाशावरून बनवायला दिल्या ना? सावध ठेकेदार भिंती उभ्या राहिल्यावर प्रत्येक गाळ्याचे माप घेतो आणि मगच फॅब्रिकेटरला देतो. इथे ती वाट पाहिली नाही. बरेच दिवस वाचले, कुणाला एक रुपया जादा द्यावा लागला नाही, आणि त्या बदल्यात एक पैज लागली: गवंडी नकाशाप्रमाणेच गाळे सोडतील. एखादा गाळा इंचभर कमी भरला की भिंत तोडा, नाही तर चौकट कापा. बारचार्टवर ही पैज कुठेच लिहिलेली नसते. आपल्याकडची बहुतेक बांधकामे अशीच कुणी न ठरवता फास्ट ट्रॅक होतात, आणि मला या पद्धतीतली सर्वांत मोठी अडचण हीच वाटते. क्रॅशिंगला पैसे मंजूर करून घ्यावे लागतात, म्हणून निदान चर्चा तरी होते. फास्ट ट्रॅकिंगला मंजुरी लागत नाही.

पैज मोठी असली की काय होते, ते सिडनीच्या ऑपेरा हाउसने दाखवले. १९५७ मध्ये डेन्मार्कचा वास्तुविशारद यर्न उत्झॉन स्पर्धा जिंकला. त्याच्या रेखाटनांतली शिडांसारखी छते अप्रतिम होती, पण ती नक्की कोणत्या आकाराची, किती जड आणि कशी उभी राहणार, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते. न्यू साउथ वेल्सचे प्रीमियर जोसेफ केहिल यांना मात्र काम लगेच सुरू करायचे होते. लोकमत फिरेल आणि पैसा आटेल, अशी धास्ती होती. मार्च १९५९ मध्ये छताचा प्रश्न उघडा असतानाच खालच्या चौथऱ्याचे बांधकाम सुरू झाले.

राजकारण म्हणून पाहिले तर केहिल यांचा हिशेब वेडगळ नव्हता. ते त्याच वर्षी वारले, आणि काम सुरू झालेले नसते तर ते कदाचित कधीच झाले नसते. अभियांत्रिकीचा हिशेब वेगळा निघाला. खालचे नकाशे अपुरे, बदल सतत येणारे. जानेवारी १९६१ पर्यंत काम ४७ आठवडे मागे पडले होते. छते एकाच गोलाच्या पृष्ठभागातून कापलेल्या तुकड्यांची करायची, हे उत्तर पुढे १९६१-६२ च्या सुमारास सापडले. तोवर चौथऱ्यातले खांब उभे राहिले होते आणि ते या छताचा भार पेलायला अपुरे होते. ते पुन्हा बांधावे लागले. जानेवारी १९६३ मध्ये व्हायची इमारत ऑक्टोबर १९७३ मध्ये खुली झाली, आणि सुमारे ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा अंदाज १० कोटी २० लाखांवर गेला. हा सगळा बोजा लवकर सुरुवातीवर टाकणे अन्यायाचे होईल. सभागृहांच्या गरजा मध्येच बदलल्या, सरकार बदलले, उत्झॉन १९६६ मध्ये सोडून गेला. पण खांबांचा दोष निखळ फास्ट ट्रॅकिंगचा होता: वरचे ठरायच्या आधी खालचे बांधले.

म्हणून दोन कामे एकमेकांवर चढवताना मी आधी एक गोष्ट पाहीन. अंदाज चुकला तर चूक कुठे सापडेल? पृष्ठभागावर सापडणार असेल तर ती पुसता, घासता, बदलता येते. जमिनीखाली किंवा काँक्रीटच्या आत गाडली गेली असेल तर तिच्यावर उभे असलेले सगळे उतरवावे लागते. प्रकल्पाच्या सुरुवातीच्या कामांत, नकाशा आणि पाया यांच्यात, चढवाचढव केली की सर्वाधिक दिवस वाचतात. चूकही तिथेच सर्वांत खोल गाडली जाते.

दुसरी गोष्ट म्हणजे क्रम कशामुळे आहे हे तपासणे. स्लॅबखालच्या टेकूंचा क्रम निसर्गाने घातलेला आहे, तो मोडता येत नाही. "सगळ्या खोल्यांची फरशी झाल्यावरच रंगारी येणार" हा क्रम मात्र सवयीचा. ठेकेदाराला रंगाऱ्याला एकदाच बोलावणे सोयीचे असते. असे सवयीचे क्रम शोधून तेवढेच सैल करायचे.

काम हाताबाहेर जाते आहे, हेही कळू शकते. साइटवर येणाऱ्या नकाशांच्या सुधारित प्रती मोजाव्यात. एकाच तपशिलाची तिसरी-चौथी प्रत येत असेल आणि ते काम आधीच सुरू झाले असेल, तर पैज हरत चालली आहे. छिन्नी-हातोड्याच्या रोजंदारीची वेगळी नोंद ठेवली तर आणखी लवकर कळते. केलेले काम फोडण्याचा खर्च ठेकेदाराच्या हिशेबात बहुधा "किरकोळ" या सदरात लपलेला असतो. आणि तो कोणी सोसायचा हे करारात नसेल, तर वाचवलेले दिवस त्या भांडणात जातात.

आता परत शाळेकडे. पहिले नऊ दिवस क्रॅशिंगने घ्यावेत, त्यात फायदाच आहे. प्रश्न उरतो शेवटच्या तीन दिवसांचा. गिलावा आणि खिडक्या दोन्ही दाबून ते घेतले तर २२,५०० रुपये लागतात. त्याऐवजी रंगारी तीन दिवस आधी बोलावता येतो. फरशी खोलीखोलीने होते. पहिल्या दोन खोल्यांची फरशी झाली की तिथे लांबी आणि प्रायमर सुरू होऊ शकतो, फरशीवाले तोवर पुढच्या खोल्यांत असतात. प्रत्येक खोलीत आधी फरशी, मग रंग हा क्रम कायम राहतो, मोडतो तो फक्त इमारतभरचा क्रम. धोका दोन प्रकारचा आहे. नव्या फरशीवर रंगाचे डाग पडतील, त्यासाठी प्लास्टिक अंथरावे. आणि गिलावा ओला असताना रंग चढवला तर पुढे पोपडे निघतील. म्हणून ज्या खोल्यांचा गिलावा सर्वांत आधी झाला, त्याच रंगाऱ्याला आधी द्याव्यात. फरशीवाल्यांनीही त्याच क्रमाने जावे. वाईटात वाईट झाले तर दोन खोल्या घासून पुन्हा रंगवायच्या, आणि तो खर्च २२,५०० च्या जवळपासही जात नाही.

हीच चढवाचढव चार दिवस मागे नेऊन गिलावा आणि फरशी यांच्यात करायला मात्र मी तयार होणार नाही. तिथे खिडक्या टप्प्याटप्प्याने मागवाव्या लागतात, फॅब्रिकेटर पहिल्या खोल्यांच्या चौकटी आधी देईल यावर भरवसा ठेवावा लागतो, आणि घमेल्यांतून सांडणारा माल नव्या फरशीवर वाळून बसतो. तो निघता निघत नाही. मुख्याध्यापिकांनी दोन जूनची तारीख मागितली, तर आणखी दोन दिवस रोख पैसे मोजून गिलावा आणि खिडक्यांतूनच घ्यावेत: पंधरा हजार रुपये, आधी सांगितलेले आणि आधी मंजूर करून घेतलेले.